आई, मी ठीक आहे, घाटात आहे, फोन लागत नाहीये

रात्री 9:04
आई तुझे 11 मिस्ड कॉल आत्ता एकदम दिसले. मी ठीक आहे, मला काहीही झालेलं नाही, आधी एवढं वाच आणि बाबांना सांग मग बाकीचं वाच. गाडी घाटात थांबलीय, कसारा सोडून बराच वेळ झाला, इगतपुरी अजून यायचीये. मी फोन उचलत नाहीये असं नाही गं, उचलतो, तुझं नुसतं हॅलो हॅलो ऐकू येतं, माझा आवाज तुला जातच नाही आणि कट होतो, त्यामुळे तू अजूनच घाबरतेस म्हणून आता कॉल करू नको, मेसेज उशिरा का होईना पण जातायत.

रात्री 9:07
टीव्हीवर घाटात दरड म्हणून दाखवतायत ते बघत बसू नको. टीसी आत्ता सांगून गेले की पुढे रुळावर थोडे दगड-माती आलेत, ते काढायचं काम चालू आहे, आमच्या गाडीला काही झालेलं नाही. मी खिडकीत बसलोय, बाहेर कातळावरून पाण्याचे ओघळ येतायत आणि आत्ताच रेल्वेचा एक माणूस रेनकोट घालून हातात टॉर्च घेऊन रुळाच्या कडेने गेला, प्रत्येक ठिकाणी थांबून वर दगडांवर उजेड मारून बघत होता. एवढ्या पावसात तो पायी फिरतोय आई, ते बघून मला खरंच धीर आला, म्हणून तुला सांगतोय.

रात्री 9:10
आणि गाडी सुटली तरी हळूच येणार. इथे दर 37 फुटाला 1 फूट चढ आहे, म्हणून तर कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. मधे बोगदे आहेत, तिथे रेंज जाते. तुझ्या मेसेजला एकच टिक दिसली तर मी बोगद्यात आहे असं समज, दुसरं काही मनात आणू नको. इगतपुरी आली की मी स्वतःहून मेसेज करणार, शब्द देतो.

रात्री 9:22
तुझा व्हॉइस मेसेज डाऊनलोड होत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय, टाईप करून पाठव ना, चुकलं तरी चालेल मला कळतं

रात्री 9:26
नाही नाही, बाबांना स्टेशनला अजिबात पाठवू नको!! अँजिओप्लास्टी होऊन 4 महिने पण झाले नाहीत आणि या पावसात स्कूटर काढायची म्हणतायत. माझी गाडी स्टँडवर लावलेली आहे, रेनकोट डिकीत आहे. त्यांना म्हणावं मी हात जोडतो, जेवून गोळी घ्या आणि झोपा, तुम्ही रस्त्यावर आहात हे कळलं तर इथे बसून माझा जीव खालीवर होईल. तू पण जेव. माझ्यासाठी थांबून उपाशी बसतेस ते मला माहितीये, भाकरी झाकून ठेव मी आल्यावर खाईन. माझ्या पोटात आहे काहीतरी, समोरच्या ताईंनी मेथीचे पराठे दिले दोन, डब्यातले सगळे रोजचे पासवाले आहेत, एकटा नाहीये मी.

रात्री 9:29
गोदेला पाणी वाढलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय म्हणतेस ते बरोबर असेल पण मला नाशिकरोडवरून उपनगरला यायला नदी ओलांडायचीच नाहीये ना आई. बिटको, दत्तमंदिर आणि घर. 15 मिनिटं.

चार्जिंग 19% आहे, आता फोन बाजूला ठेवतो, म्हणजे स्टेशनपासून घरापर्यंत पुरेल. उत्तर आलं नाही तर याच्यामुळे.

रात्री 9:58
हलली गाडी

रात्री 10:21
इगतपुरी. रेंज आली पण फुल नाही, डब्यात सगळेच एकदम घरी फोन लावतायत, कोणाचंच कोणाला ऐकू येत नाहीये, म्हणून लिहितोच. इथून साधारण पाऊण तास. तू जेवलीस का ते सांग, फक्त हो किंवा नाही लिही.

रात्री 10:24
थोडं म्हणजे किती. बरं असू दे. बाबा झोपले हे वाचून फार बरं वाटलं. तू दुपारपासून हवामानाच्या बातम्या बघत होतीस ना, सकाळी निघताना म्हणाली होतीस आज नको जाऊस, मी ऐकलं नाही. आल्यावर बोल मला काय बोलायचं ते, ऐकून घेईन. कसाऱ्याला गाडी जास्त वेळ उभी राहिली तेव्हाच दोन ओळी टाकायला हव्या होत्या, तिथे रेंज होती, मी झोपलो होतो. यापुढे गाडी पाच मिनिटं जरी अडकली तरी आधी तुला कळवणार.

रात्री 10:58
देवळाली गेलं. इथे पाऊस कमी आहे.

रात्री 11:09
नाशिकरोडला उतरलो, फोन लावतोय, उचल