बाबा, लाल दिवा लागला की तिथेच थांबा

ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, "तो तेलाचा दिवा अधूनमधून लुकलुकतो, पण गाडी मस्त पळते." फोनवर समजावलं तर "बरं बरं" म्हणाल, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितेय. कागद गाडीतच ठेवा.

आधी तोच दिवा. तोटीतून थेंब गळणारी लाल बुधली. नुसती लुकलुकली तरी गाडी कडेला घ्या, पूर्ण थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं. ऑइलचा दाब गेला की आतले भाग कोरडे घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. तोवर गाडी मस्तच पळते, तुम्ही म्हणता तशी! दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर घाला. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, गाडी टो करून न्यायची.

लाटांवर उभा लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन तापलंय. थांबा, बंद करा. आणि बाबा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर उडतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

गोलात उद्गारचिन्ह, लाल: ब्रेक. आधी हँडब्रेक बघा, तुमचा निम्मा वेळ तोच अर्धवट राहिलेला असतो. तो पूर्ण खाली असेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा कुठेतरी गळतंय. पेडल मऊ लागलं तर खालचे गिअर टाकत वेग कमी करा, हँडब्रेक हळूहळू ओढा. त्यानंतर गाडी हलवायची नाही, अगदी "घर इथेच तर आहे" असलं तरी.

लाल बॅटरी दिसली की चार्जिंग बंद पडलंय. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापेल. म्हणून यालाही थांबून बॉनेट उघडा, पट्टा जागेवर आहे का बघा.

पिवळ्या दिव्यांना एवढं घाबरू नका, ते मेकॅनिकला दाखवा. अपवाद एकच: इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला आणि गाडी थरथरत असली, तर वेग कमी करून थांबा.

एक काम आजच करा. स्टार्टर न मारता किल्ली नुसती 'ऑन' करा. हे लाल दिवे लागले पाहिजेत (ब्रेकसाठी हँडब्रेक ओढा). जो लागत नाही त्याचा बल्ब गेला असेल. मागच्या वेळी तेलाच्या दिव्यावर मी चिकटपट्टी पाहिली होती, ती आधी काढा. मग कोणता लागला नाही ते संध्याकाळी फोनवर सांगा.

तुमची,
सुमी