यीस्टच्या किण्वनावर तापमानाचा परिणाम: प्रयोगाचा अहवाल

उद्देश

१०° ते ६०° से. या सहा तापमानांना यीस्ट ग्लुकोजपासून किती कार्बन डायऑक्साइड तयार करते हे मोजणे आणि तापमानानुसार किण्वनाचा वेग कसा बदलतो ते पाहणे.

तत्त्व

ऑक्सिजन नसताना यीस्टच्या पेशी ग्लुकोजचे विघटन करतात. त्यातून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो:

C₆H₁₂O₆ → 2C₂H₅OH + 2CO₂

हे काम पेशीतील विकरांच्या साखळीचे आहे. एडुआर्ड बुख्नर यांनी १८९७ मध्ये दाखवले की यीस्ट चिरडून काढलेल्या पेशीविरहित रसातही साखर आंबते. म्हणून येथे तापमानाचा परिणाम हा मुख्यतः विकरांवरचा परिणाम मानला आहे. तापमान वाढले की रेणूंची गती वाढते आणि अभिक्रियेला वेग येतो. एका मर्यादेनंतर विकरांची घडी उलगडते, म्हणजे त्यांचे विस्वभावीकरण होते आणि वेग घसरतो. पहिला परिणाम तत्काळ दिसतो, दुसऱ्याला वेळ लागतो. हा फरक लक्षात ठेवून एकूण वायूसोबत दर १० मिनिटांच्या नोंदीही घेतल्या.

साहित्य

१०० मिली शंकुपात्र, दोन छिद्रांचे रबरी बूच, वाहक नळी, तापमापी, १०० मिली मोजपात्र, पाण्याचे पसरट भांडे, वॉटर बाथ, बर्फ, स्टॉपवॉच, कोरडे यीस्ट, ग्लुकोज, ऊर्ध्वपातित पाणी, चुन्याची निवळी.

कृती

२.५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून ४० मिली द्रावण केले आणि शंकुपात्रात घालून ते १० मिनिटे ठरलेल्या तापमानाच्या वॉटर बाथमध्ये ठेवले. १०° साठी बाथमध्ये बर्फ वापरला. दुसरीकडे २ ग्रॅम यीस्ट २५° च्या पाण्यात कालवून १० मिली मिश्रण केले. ते द्रावणात ओतून पात्र एकदा हलकेच फिरवले, बूच लावले आणि लगेच स्टॉपवॉच सुरू केले. बुचाच्या एका छिद्रातून तापमापी थेट द्रावणात होती. दुसऱ्या छिद्रातली नळी पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या मोजपात्राखाली नेली. दर १० मिनिटांनी वायूचे आकारमान नोंदवले. प्रत्येक तापमानाला ताज्या मिश्रणाने तीन वेळा मोजणी करून सरासरी घेतली. प्रत्येक तापमानाला यीस्टऐवजी १० मिली साधे पाणी घातलेले नियंत्रण पात्रही ठेवले.

अखेरीस ४०° च्या एका पात्रातला वायू चुन्याच्या निवळीत सोडला. ती दुधाळ झाली, म्हणजे वायूत कार्बन डायऑक्साइड होता.

निरीक्षणे

जमा झालेला एकूण वायू, मिली (तीन मोजण्यांची सरासरी)

| तापमान | १० मिनिटे | २० मिनिटे | ३० मिनिटे |
|---|---|---|---|
| १०° | ० | १ | २ |
| २०° | २ | ६ | ११ |
| ३०° | १० | २३ | ३८ |
| ४०° | २० | ४६ | ७४ |
| ५०° | २३ | ३८ | ४६ |
| ६०° | ३ | ४ | ४ |

नियंत्रण पात्रांत ५०° पर्यंत १ मिलीहून जास्त वायू आला नाही. ६०° च्या नियंत्रणात मात्र २ मिली आला. त्यामुळे ६०° च्या ४ मिलींपैकी निम्मा वायू यीस्टचा नाही, तो तापून प्रसरण पावलेल्या हवेचा आहे.

आलेख

क्ष-दिशेला वायूचे आकारमान (एक चौकोन = १ मिली), य-दिशेला तापमान.

```
पहिली १० मिनिटे
१०° |
२०° |■■
३०° |■■■■■■■■■■
४०° |■■■■■■■■■■■■■■■■■■■■
५०° |■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
६०° |■■■

शेवटची १० मिनिटे
१०° |■
२०° |■■■■■
३०° |■■■■■■■■■■■■■■■
४०° |■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
५०° |■■■■■■■■
६०° |
```

दोन आलेखांचे शिखर एका जागी नाही. पहिल्या १० मिनिटांत ५०° पुढे आहे, शेवटच्या १० मिनिटांत ४०° स्पष्टपणे पुढे आहे आणि ५०° तर ३०° च्याही मागे पडले आहे. आमच्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची नोंद हीच आहे. फक्त ३० मिनिटांचा एकूण आकडा घेतला असता तर ती दिसलीच नसती.

निष्कर्ष

३० मिनिटांच्या मोजणीत सर्वाधिक वायू ४०° ला मिळाला. १०° च्या टप्प्यांनी तापमान घेतल्यामुळे खरे इष्टतम तापमान ३०° आणि ५०° यांच्या दरम्यान आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

शेवटच्या १० मिनिटांतला वेग २०° ला मिनिटाला ०.५ मिली, ३०° ला १.५ आणि ४०° ला २.८ मिली होता. म्हणजे २०° ते ३०° मध्ये वेग तिप्पट झाला, ३०° ते ४०° मध्ये दुपटीला थोडा कमी पडला. वाढ मंदावते आहे, हे शिखर जवळ आल्याचे लक्षण आहे.

५०° ला वेग पहिल्या १० मिनिटांत मिनिटाला २.३ मिली होता, शेवटी ०.८ उरला. साखर संपली म्हणून असे झाले का? २.५ ग्रॅम ग्लुकोजपासून २५° ला जास्तीत जास्त सुमारे ६८० मिली कार्बन डायऑक्साइड मिळू शकतो. ५०° ला जमलेले ४६ मिली म्हणजे त्याच्या ७ टक्क्यांच्या आसपास. साखर भरपूर शिल्लक होती, मंदावले ते यीस्ट. म्हणून इष्टतम तापमान सांगताना किती वेळासाठी हेही सांगायला हवे.

त्रुटींची कारणे

सर्वांत मोठी त्रुटी वायूच्या विद्राव्यतेची आहे. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो: १०° ला १ मिली पाण्यात सुमारे १.२ मिली, ४०° ला सुमारे ०.५ मिली. आमच्या पात्रात ५० मिली द्रव आणि त्यावर सुमारे ७५ मिली मोकळी जागा होती. समतोल धरून हिशोब केला, तर १०° ला तयार झालेल्या वायूपैकी ४० टक्क्यांहून जास्त द्रवातच राहतो, ४०° ला पाव भागाच्या आसपास. पात्र हलवत न राहिल्याने प्रत्यक्षात याहूनही जास्त वायू अडकला असणार. थंड बाजूचे आकडे यामुळे खऱ्यापेक्षा कमी आहेत. शिवाय २ मिलींच्या वाचनात अर्ध्या मिलीची चूक फार मोठी ठरते. म्हणून १०° ते २०° मधली वाढ आम्ही निष्कर्षात वापरली नाही. भांड्यातल्या पाण्यात विरघळून झालेली घट तुलनेने कमी असावी, कारण सुरुवातीला मोजपात्रात येतो तो वायू बहुतांशी शंकुपात्रातली ढकललेली हवाच असते.

दुसरे कारण ५०° च्या आकड्यावर थेट परिणाम करते. २५° चे यीस्ट मिसळताच ५०° चे द्रावण ४५° च्या जवळ उतरले आणि पुन्हा चढायला सुमारे चार मिनिटे लागली. पहिल्या १० मिनिटांतल्या आघाडीचा काही भाग या थंड सुरुवातीचा आहे. ६०° चे पात्रही ५३° च्या आसपास सुरू झाले. यीस्टचे मिश्रण १० मिलींऐवजी २ मिली घेतले, तर ही घसरण बरीच कमी होईल.

५०° च्या तीन मोजण्यांत ४० ते ५३ मिली इतके अंतर पडले, ४०° ला फक्त ७१ ते ७७. विस्वभावीकरणाच्या उंबरठ्यावर बाथच्या तापमानातला एखाद्या अंशाचा चढउतारही बराच फरक पाडतो, हे त्यामागचे संभाव्य कारण. तेथे तापमान नियंत्रक असलेला बाथ हवा.

बुचाभोवतीची गळती आणि फेसामुळे नळीत शिरलेला द्रव यांचा परिणाम किरकोळ वाटला. पुढच्या मोजणीत ३५° आणि ४५° हे टप्पे घ्यावेत आणि पात्र ठरावीक अंतराने हलवावे, म्हणजे शिखराची जागा अधिक नेमकी सापडेल.