सोलारपंक सातारा, सकाळच्या उन्हातला

सोलारपंक म्हणजे सौरऊर्जा, झाडं आणि माणसं एकत्र नांदतात असं आशादायी भविष्य; त्याची ही तीन चित्रं काढायची आहेत. पहिलं चित्र. सातारा शहर, साल 2070, सकाळचे साडेआठ, पावसाळा नुकताच संपलाय म्हणून अजिंक्यतारा अजून हिरवागार, ऊन पूर्वेकडून तिरकं येतंय आणि सावल्या लांब पण मऊ. जुन्या कौलारू घरांच्या मधे चार-पाच मजली बिल्डिंगी, प्रत्येक गच्चीवर मेथी, वांगी, दोडक्याचा मांडव, आणि मांडवाच्या वर उंचावर सोलर पॅनल, म्हणजे खाली अर्धी सावली पडेल. एक आजी नऊवारीत पाणी घालतेय, शेजारच्या गच्चीवरून पोरगा तिला कायतरी ओरडून सांगतोय. लांब चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, तीन पात्यांच्या, पांढऱ्या. त्या तिथेच राहू देत, शहराच्या डोक्यावर नको, बिल्डिंगीवर बसवल्या की खोटं वाटतं. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, वाइड अँगल, गाशसारखे, म्हणजे अपारदर्शक जलरंगासारखे रंग.

दुसरं. तीच गच्ची, जवळून. मातीने भरलेले जुने निळे ड्रम, टोमॅटोवर दव, वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगलेली, पत्र्याच्या पन्हळीखाली पावसाच्या पाण्याची टाकी. घड्या, डाग, गंज दिसू दे, सगळं चकाचक केलं तर ती बिल्डरची जाहिरात होईल.

तिसरं. राजवाडा चौक, दुपार, झाडांची सावली, इलेक्ट्रिक बस, सायकली, कंदी पेढ्याच्या दुकानापुढे गर्दी.

तिन्हीत हे नको: निऑन, धुकं, रात्र, पावसाळी काळोख, उडत्या गाड्या, काचेचे टॉवर, रिकामे रस्ते.