दिवाळी अंक, वस्त्रपानं: पाच एआय चित्रांचे प्रॉम्प्ट

पायाभूत मजकूर (प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी जसाच्या तसा चिकटवा)

फॅशन मासिकातलं छायाचित्र, उभी चौकट, 4:5. एकच मॉडेल, पस्तिशीची मराठी स्त्री, सावळी, केस मानेवर घट्ट बांधलेले, मेकअप नाममात्र. मागे चुन्याच्या रंगाची सपाट पार्श्वभूमी, भिंत आणि जमीन एकमेकांत विरलेली. डावीकडून मोठ्या खिडकीचा मऊ प्रकाश, उजवी बाजू सावलीत. 85 मिमी लेन्स, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, विणीचा धागा स्पष्ट. मॉडेलच्या डोक्यावर चौकटीचा एक चतुर्थांश भाग रिकामा.

(ती रिकामी जागा मथळ्यासाठी आहे. तिथे काही उगवलं तर चित्र बाद.)

1. पैठणी, उघडणारं पान

गडद जांभळी रेशमी पैठणी, सहावारी. मॉडेल पाठमोरी उभी, वजन उजव्या पायावर, मान डावीकडे वळलेली, चेहरा फक्त एका बाजूने दिसतो. पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर मोकळा सोडलेला, पोटरीपर्यंत. सोनेरी जरीच्या वजनाने तो ओळंब्यासारखा सरळ, सपाट लोंबतो. पदरावर वर्तुळात बसलेले मोर, हिरव्या आणि लाल रेशमात विणलेले, कडा किंचित पायऱ्यापायऱ्यांच्या. खांद्यापाशी कापड दुमडतं तिथेच जरी चमकते, बाकी पदर मंद. दोन्ही हात शरीरालगत, बोटं सैल. कानात मोत्याची एक कुडी.

(‘पैठणी’ म्हटलं की नथ, गजरा, पणत्या आणि वाड्याची ओसरी सगळं न बोलावता येतं. म्हणून मोर कसे, जरी कुठे चमकते, हे इतकं सविस्तर लिहिलंय. ‘नथ नको’ असं मात्र घालू नका. नकार सुटतो आणि नथ तेवढी उरते. कानातलं एकदा नेमून दिलं की बाकी दागिने बहुधा गप्प बसतात.)

2. इरकल, नऊवारी

सुती-रेशमी इरकल, गर्द हिरवं अंग, लाल काठ, लाल पदरावर पांढरे पट्टे. साडी काष्ट्याची: कापड दोन्ही पायांभोवती वेगवेगळं गुंडाळलेलं, मधल्या निऱ्या पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचलेल्या, खालची कड घोट्याच्या वर. मॉडेल तिरकी उभी, डावा पाय पुढे टाकलेला, टाच जमिनीला टेकलेली. पावलामुळे मांडीवर कापड ताणलेलं, गुडघ्यामागे तीन-चार खोल घड्या. पदर छातीवरून घट्ट घेऊन कमरेला खोचलेला. चोळी खणाची, तपकिरी, बारीक बुट्ट्यांची, कोपरापर्यंत बाह्या. हनुवटी किंचित वर, नजर चौकटीबाहेर उजवीकडे. अनवाणी.

(नुसतं ‘नऊवारी’ लिहिलं तर धोतर किंवा सलवार येते, आणि लावणीची मुद्रा तर हटकून. ही बाई शेतातून घरी निघाल्यासारखी चालली पाहिजे. काष्टा जमला नाही तर मुद्रा बदलू नका, कापडाचं वाक्यच पुन्हा मोडून लिहा.)

3. करवती टसर

नागपूर-भंडाऱ्याकडची टसर साडी, रंग न दिलेल्या रेशमाचा मधाळ पिवळा, लाल काठाला करवतीसारखे दाते. मॉडेल बुटक्या लाकडी स्टुलावर बसलेली, गुडघे एकाच बाजूला, हात मांडीवर एकावर एक. टसर कडक: निऱ्या गुडघ्यावरून कोन करून उतरतात, जमिनीवर पंख्यासारख्या उघडतात. दाते एका निरीवर पूर्ण दिसतात, बाकी ठिकाणी दुमडीत लपतात. कान, गळा, मनगटं मोकळी.

4. कुणबी साडी, गोवा

जाडसर सुती कापड, लाल आणि पांढऱ्या चौकड्या. साडी आखूड, पोटरीपर्यंत, खांद्यावर ठसठशीत गाठ मारून अडकवलेली. मॉडेल समोर तोंड करून, एक हात गाठीवर, दुसरा मोकळा. धुऊन मऊ पडलेलं, सुरकुतलेलं कापड. चौकड्या घडीबरोबर वळतात, वाकतात, गाठीत दाटून येतात. प्रकाश या चित्रापुरता थोडा कडक.

(चौकड्या घडीवरून सरळ रेषेत गेल्या तर कापड छापलेल्या कागदासारखं दिसतं. पाहताना आधी गाठीजवळ पाहा. आणि माड, समुद्र काही नको. गोवा गाठीतून कळेल.)

5. शेवटचं अर्धं पान

पायाभूत मजकुरातली मॉडेल, कॅमेऱ्याची उंची आणि रिकाम्या जागेची वाक्यं इथे गाळा, चौकट आडवी 3:2 करा.

कोपरापासून बोटांपर्यंत फक्त एक हात, सावळा, नखं कापलेली, मनगट मोकळं. चिमटीत पैठणीच्या पदराचं टोक, उलट बाजू कॅमेऱ्याकडे वळवलेली. उलट बाजूही सुलट बाजूइतकीच नीट. चिमटीपासून तीन घड्या फाकतात, खालच्या कडेला चौकटीबाहेर जातात. उरलेला अर्धा भाग मोकळा.

(बोटं मोजा. सहावं आलं तर फक्त हात पुन्हा काढा, घड्या जमल्या असतील तर त्यांना हात लावू नका.)