विषय: रावेर-यावलच्या केळीवरील हरण्या रोगाच्या पाहणीचा अहवाल

प्रिय निखिल,

अहवाल वाचला. आधी बरं ते सांगतो. लागणीची तारीख, रोपं कुठून आणली, शेजारी काकडीवर्गीय पीक आहे का, हे सगळं तू शेतकऱ्यांकडून नीट काढून घेतलंस. नव्या माणसाशी तिकडची मंडळी इतकं मोकळं बोलत नाहीत.

अडचण पुढे आहे. सहा शेतांपुढे तू 'प्रादुर्भाव बराच' एवढंच लिहिलंयस. बराच म्हणजे शंभरात पाच झाडं की चाळीस? पाच असतील तर ती उपटून नष्ट करा, माव्यावर लक्ष ठेवा, असं सांगता येतं. चाळीस असतील तर बाग ठेवायची की मोडायची हाच प्रश्न येतो. या अहवालावरून मला दोन्ही सांगता येईना. शिवाय तो शनिवारऐवजी मंगळवारी आला. तोवर दोघांचे फोन येऊन गेले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ही सहा शेतं गुरुवारपर्यंत पुन्हा बघ. प्रत्येकात चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी वीस-वीस झाडं मोज, पिवळे पट्टे दिसणारी किती ते लिही. पानाचा फोटो जवळून घे. लांबून सगळीच बाग हिरवी दिसते! उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी फोन कर, अर्धे आकडेही चालतील.

गाडीची अडचण असेल तर आजच कळव. पहिल्या शेतावर मीही येतो, सकाळी सातला रावेर स्टँडवर भेट.

अनिल