आकृतीविना नेफ्रॉन: मूत्रनिर्मितीवरील प्रश्न

वेळ: ४० मिनिटे  एकूण गुण: २०

मागच्या सराव चाचणीत नावे दिलेली वृक्काची आकृती होती. तिच्याकडे बघून उत्तरे बरोबर आली. पण आकृती झाकून ‘इथे नेमके घडते काय?’ असे विचारले, तेव्हा बरेच जण अडखळले. म्हणून या वेळी आकृती काढून टाकली आहे. जागा शब्दांतच सांगितली आहे, तुम्हीही शब्दांतच सांगा. ‘वरचा भाग’, ‘मधली नळी’ असे लिहू नका.

प्र. १. ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी आणि तिथून बाहेर नेणारी अशा दोन धमनिकांची नावे लिहा. त्यांपैकी जास्त रुंद कोणती? त्यामुळे गाळण्याला काय मदत होते? (३)

प्र. २. गाळलेल्या द्रवाच्या वाटेप्रमाणे क्रम लावा: दूरस्थ नलिका, हेन्लेचा पाश, संग्राहक नलिका, बोमन संपुट, समीपस्थ नलिका. यांपैकी कोणता भाग अनेक नेफ्रॉनना सामाईक असतो? (२)

प्र. ३. ग्लोमेरुलसमधील रक्ताचा दाब ५५ मिमी पारा, रक्तातील प्रथिनांमुळे उलट दिशेने होणारी ओढ ३० आणि संपुटातील द्रवाचा दाब १५ आहे. गाळण्याचा निव्वळ दाब काढा. मूत्रवाहिनीत खडा अडकून संपुटातील दाब २२ झाला, बाकीचे आकडे तेच राहिले, तर काय होईल? (३)

प्र. ४. दोन्ही वृक्कांत मिळून मिनिटाला १२५ मिली द्रव गाळला जातो. दिवसाला किती लिटर? मूत्र १.५ लिटरच झाले, तर किती टक्के द्रव रक्तात परतला? (२)

प्र. ५. एका व्यक्तीने भरपूर पाणी प्यायल्यामुळे तिचे मूत्र रक्तापेक्षा पातळ आहे. तिच्या एकाच नेफ्रॉनमधून घेतलेले चार नमुने असे:
क: ग्लुकोज रक्तद्रवाइतकेच, प्रथिने जवळजवळ नाहीत.
ख: ग्लुकोज नाही, संहती मात्र रक्ताइतकीच.
ग: रक्तापेक्षा बरेच संहत.
घ: रक्तापेक्षा पातळ.
प्रत्येक नमुना कुठला असेल ते कारणासह लिहा. एका नमुन्याला एकाहून अधिक जागा जुळतात. त्या सर्व लिहा. घाई करू नका, या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत. (६)

प्र. ६. मधुमेहाच्या एका रुग्णाच्या मूत्रात ग्लुकोज आढळले. त्याचा ग्लोमेरुलस धडधाकट आहे. मग ग्लुकोज परत का शोषले गेले नाही? अशा रुग्णाला वारंवार लघवीला का होते? (२)

प्र. ७. कोऱ्या कागदावर एका रेघेत नेफ्रॉन काढा. एकही नाव लिहू नका. फक्त बाण दाखवा: ग्लुकोज कुठे बाहेर पडते, हेन्लेच्या पाशाच्या कोणत्या बाजूने पाणी बाहेर जाते, हायड्रोजन आयन कुठे आत येतात. चित्र सुबक नसले तरी चालेल. गुण बाणांच्या दिशेला आहेत. (२)