पन्नाशीतल्या माझ्या हिरोला

अहो पन्नास वर्षांचे,

वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! एवढ्या वयस्कर माणसाला अरेतुरे करणं बरं दिसत नाही, म्हणून सुरुवात 'अहो'नं केली. झाला मान देऊन. आता ऐक रे.

हा मेसेज तू हात लांब करून, मान मागे घेऊन, एक डोळा बारीक करून वाचतोयस ना? चष्मा डोक्यावर आहे. सगळं घर पालथं घालायच्या आधी तिथे हात लाव.

डॉक्टरांनी सांगितलंय, चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. त्यावर माझ्याकडे सोपा उपाय आहे. मी जवळ आले की बघत बसायचंच नाही. डोळे मिटून घ्यायचे. पुढचं मी बघते.

आणि ते गुडघे! तू जमिनीवरून उठलास की आधी ते वाजतात, मग 'आई गं' ऐकू येतं आणि मग तू उभा राहतोस. एकदा उभा राहिलास ना, की अजूनही खोलीतल्या सगळ्यांत माझी नजर तुझ्यावरच जाते. कानशिलाजवळचे ते पांढरे केस तर कमालच आहेत. काल आरशासमोर उभा राहून तू एकेक उपटत होतास, ते मी दारातून पाहिलंय. खबरदार! तो माल माझा आहे. दाढी करताना मान तिरकी केलीस की उजेड बरोबर त्याच केसांवर पडतो आणि मी कशासाठी आत आले होते तेच विसरते. बाकी विसरायचं खातं तुझ्याकडे. किल्ल्या, छत्री, गॅसवरचं दूध, कालच सांगितलेलं काम. पण मला झोपेत थंडी वाजते हे तू एवढ्या वर्षांत कधी विसरला नाहीस. रात्री स्वतः कुडकुडत माझ्या अंगावर पांघरूण सरकवतोस, आणि सकाळी पाठ धरली म्हणून कुरकुरतोस. तुझ्या त्या पाठीवर माझा फार जीव आहे. रोज चोळून देईन. फी मात्र घेणार, आणि ती पैशात नाही.

साठी बुद्धी नाठी म्हणतात. म्हणजे शहाणपणानं वागायला तुझ्या हातात अजून दहा वर्षं आहेत. मला काही घाई नाही. वेडा आहेस तोच बरा आहेस.

तर आजचा कार्यक्रम असा. दुपारी झोप काढ, हवी तेवढी, आज कोणी चिडवणार नाही. संध्याकाळी तो निळा शर्ट घाल. वरचं बटण लावू नकोस. मेणबत्त्या पन्नास लावल्या तर तुला दम लागेल, म्हणून एकच लावणार आहे. उरलेला दम राखून ठेव, लागेल. आणि राजा, दहा वाजता घोरायला लागलास तर उठवीन हं. कशी, ते विचारू नकोस.

तुझीच,
(वयानं लहान) बायको